चार पुस्तकं आणि एक कचऱ्याची बादली: सात महिन्यांच्या नोंदी

४ जानेवारी

घरात आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी. वाचनालयातून शून्य-कचरा या विषयावरची चार इंग्रजी पुस्तकं आणली आहेत. ठरलं आहे ते एवढंच की पुस्तक वाचायचं, त्यातलं जमेल ते करायचं आणि घरातल्या कचऱ्याचं वजन खरंच उतरलं का ते काट्यावर बघायचं. खर्च कमीत कमी. पुढे कुणी हीच पुस्तकं हातात घेतली तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

सुरुवात 'झीरो वेस्ट होम'पासून केली. बीया जॉन्सन यांचं हे पुस्तक २०१३ सालचं आणि या विषयावरचं बहुधा सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं. एका कुटुंबाचा वर्षभराचा कचरा काचेच्या एका बरणीत मावतो, हे चित्र तिथूनच सगळीकडे गेलं.

११ जानेवारी

पहिला आठवडा वाया गेला, आणि खर्चही झाला.

पुस्तकातला स्वयंपाकघराचा भाग वाचून मी काचेच्या बारा बरण्या, कापडी पिशव्यांचा एक संच आणि बांबूचे टूथब्रश घेऊन आले. सगळं मिळून जवळजवळ चार पुस्तकांच्या किमतीएवढं झालं. घरात प्लास्टिकचे चांगले डबे होते. ते रिकामे करून माळ्यावर टाकले. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "अगं, ह्या डब्यांना काय झालं होतं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा चूक माझीच होती हे दिसलं. त्यात पाच क्रियापदं आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी नकार, मग कमी करणं, मग पुन्हा वापरणं, मग पुनर्चक्रीकरण आणि शेवटी कुजवणं. पहिल्या पायरीवर खरेदी येतच नाही. मी फोटो बघितले आणि क्रम वाचायचा राहिला.

बरणीबद्दलही एक गोष्ट नीट कळली. त्या बरणीत फक्त जे कुजत नाही आणि पुनर्चक्रीकरणालाही जात नाही तेवढंच आहे. सालं, देठं, कागद, काच, धातू त्यात धरलेलं नाही. म्हणजे आपली रोजची बादली आणि ती बरणी यांची तुलनाच होऊ शकत नाही. हे आधी लक्षात आलं असतं तर पहिल्याच दिवशी आलेलं दडपण आलं नसतं.

डबे माळ्यावरून खाली काढले. बरण्यांमधल्या आठ परत केल्या, चार ठेवल्या.

१२ जानेवारी

कापडी पिशव्यांबद्दल. घरात आधीच किती आहेत ते आज मोजलं. दाराच्या खुंटीवर, कपाटात, गाडीत मिळून अकरा निघाल्या, त्यात माझ्या नव्या पाच. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या २०११च्या अभ्यासात असं आलं होतं की सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे तिचा हवामानावरचा भार एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येतो. आठवड्यातून दोनदा वापरली तरी हे सव्वा वर्षाचं काम. अकरा पिशव्या आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येकीला तेवढी वर्षं लागतील की ती त्याआधीच फाटेल. दोन पिशव्या वापरात ठेवल्या. बाकीच्या एका मैत्रिणीला दिल्या, तिच्याकडे एकही नव्हती.

१३ ते २० जानेवारी

आता आधी मोजायचं असं ठरवलं. घरातला कचरा आठवडाभर पाच भागांत वेगळा ठेवून तोलायचा: ओला, कागद-पुठ्ठा, प्लास्टिक, काच-धातू आणि उरलेलं.

इथेही दोन दिवस फुकट गेले, कारण मी माणसं तोलायचा वजनकाटा वापरला. तीनशे ग्रॅमची पिशवी त्यावर कधी शून्य दाखवायची, कधी अर्धा किलो. आपण हातात पिशवी घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं हा उपायही चालला नाही, दर वेळी वेगळा आकडा. शेवटी स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा घेतला. ओला कचरा रोज रात्री तोलला. एकदम आठवड्याने तोलला तर पाणी गळून आणि सुकून वजन घटतं.

सात दिवसांचा हिशोब: ओला कचरा ५.४ किलो, कागद-पुठ्ठा १.२, प्लास्टिक ०.७, काच-धातू ०.५, उरलेलं ०.६. एकूण ८.४ किलो.

बादलीत डोळ्यांना सगळ्यांत जास्त प्लास्टिकच दिसायचं, कारण ते फुगलेलं असतं आणि जागा खातं. वजनात मात्र ते दहावा हिस्साही नाही. ओला कचरा जवळजवळ दोन तृतीयांश. मी मात्र सगळे पैसे प्लास्टिकच्या मागे घातले होते.

आमचं घर फार वेगळं आहे का हेही पाहिलं. ५.४ किलोला ५२ आठवड्यांनी गुणून चौघांत वाटलं तर माणशी वर्षाला ७० किलो येतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात घरांमधला हाच आकडा जगभराच्या सरासरीने माणशी ७९ किलो आहे. त्यातही न खाण्याजोगा भाग धरलेला आहे. म्हणजे आम्ही सर्वसाधारणच.

यापुढे पुस्तकांचा क्रम बादली ठरवणार. ओला कचरा आधी.

२६ जानेवारी

दुसरं पुस्तक: डॅना गंडर्स यांचं 'वेस्ट-फ्री किचन हँडबुक', २०१५. या बाई अन्नाच्या नासाडीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ. पुस्तक सजवलेलं नाही. पण कुठली वस्तू कुठे आणि किती दिवस ठेवायची याची मागे लांबलचक यादी आहे, आणि मला तीच हवी होती.

त्याआधी ओला कचरा आणखी फोडायला हवा होता. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला, तीन रकाने: काय टाकलं, किती, का. 'का' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. पहिले दोन दिवस नवरा फक्त 'खराब झालं' असं लिहायचा. मग त्याला म्हटलं, खराब का झालं ते लिही.

९ फेब्रुवारी

दोन आठवड्यांचा कागद समोर आहे. ओल्या कचऱ्यात आठवड्याला सरासरी १.९ किलो हे खाता आलं असतं असं अन्न होतं. उरलेले साडेतीन किलो म्हणजे सालं, देठं, बिया, चहा-कॉफीचा चोथा. ते टाळता येण्यासारखं नाही.

१.९ किलोची कारणं मी धरून चालले होते त्यापेक्षा वेगळी निघाली. मला वाटत होतं की ताटात उरतं. ताटातलं फारच थोडं होतं. सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेलं कारण होतं 'मागे राहिलं, दिसलंच नाही'. त्याखालोखाल 'जास्त शिजवलं'. तिसरं 'पालेभाजी मलूल झाली'.

तीन कारणांना तीन बदल केले, तिन्ही फुकटात. फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात एक ताट ठेवलं, त्यावर मुलीने लिहून चिकटवलं 'आधी हे'. उरलेलं अन्न, अर्धी कापलेली भाजी, उघडलेलं पाकीट सगळं त्या ताटात. शिजवण्याचं माप वाटीने ठरवलं आणि कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवलं. पालेभाजी सफरचंदं आणि टोमॅटोंबरोबर एकाच कप्प्यात होती, ती वेगळी केली. पिकणारी काही फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने शेजारची पानं लवकर पिवळी पडतात. पानं कोरडी करून, कापडात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवली.

या पुस्तकातली आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवली. पाकिटावर 'या तारखेपर्यंत उत्तम' असं लिहिलेलं असतं तेव्हा ती तारीख चवीची आणि कुरकुरीतपणाची असते, सुरक्षिततेची नव्हे. नाशवंत मालावर 'या तारखेपर्यंत वापरा' असं असतं ते मात्र आम्ही पाळतोच. आमच्या घरात दोन्हींना एकच नियम लागत होता आणि पहिल्या प्रकारची चांगली पाकिटं बादलीत जात होती.

१ मार्च

टाकून दिलेलं अन्न या आठवड्यात ०.९ किलो. निम्म्याहूनही खाली आलं.

एक गोष्ट फसली. आठवड्याचा सगळा स्वयंपाक आधी ठरवून तक्ता करायचा, असं जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे. आम्ही दोन आठवडे केलं. आमच्याकडे कोण कधी घरी जेवणार हे आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. तक्त्याप्रमाणे आणलेलं सामान पडून राहिलं आणि त्या दोन आठवड्यांत टाकलेलं अन्न उलट वाढलं. आता फक्त पुढच्या दोन दिवसांचं ठरवतो आणि त्याआधी 'आधी हे' ताट बघतो.

८ मार्च

आता न टाळता येणारे साडेतीन किलो. घर तिसऱ्या मजल्यावर, जमीन नाही, बाल्कनी लहान. म्हणून गांडुळांची पेटी. तिसरं पुस्तक मेरी अ‍ॅपलहॉफ यांचं 'वर्म्स ईट माय गार्बेज', १९८२ सालचं. घरातल्या घरात गांडुळांकडून कचरा कुजवण्यावर आजही लोक हेच पुस्तक उघडतात.

मी ते पूर्ण वाचलं नाही. पहिली दोन प्रकरणं वाचली, घाई झाली आणि कामाला लागले. झाकणाची एक जुनी प्लास्टिकची पेटी, १८ इंच बाय १२ इंच, वर आणि बाजूंना भोकं पाडलेली. आत वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मूठभर माती. पाव किलो गांडुळं विकत आणली. यासाठी बागेतली जमिनीत खोल जाणारी गांडुळं चालत नाहीत. 'आयसेनिया फेटिडा' ही तांबूस, बारीक, अंगावर पट्टे असलेली जात लागते. ती कुजणाऱ्या ढिगातच, वरच्या थरात राहते.

१९ मार्च

पेटी बिघडली.

सकाळी झाकण उघडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला, चारी कोपऱ्यांत गांडुळांचे गुंते लटकलेले. आठ-दहा बाल्कनीच्या फरशीवर सुकून गेलेली. वास आंबट, उग्र. हात आत घातला तर मधला भाग कोमट लागला, आणि खाली तळाशी काळपट पाणी साचलेलं. मुलीला फार वाईट वाटलं. तिने मेलेली गांडुळं एका कागदावर गोळा केली आणि कुंडीत पुरली.

मग रात्री पुस्तक नीट वाचलं, शेवटपर्यंत. आकडे तिथे आधीपासून होतेच. पेटीचं माप खोलीवर धरत नाहीत, वरच्या पृष्ठभागावर धरतात: आठवड्याच्या दर एक पौंड कचऱ्याला एक चौरस फूट. आणि गांडुळांचं वजन रोजच्या कचऱ्याच्या दुप्पट.

आमचा हिशोब: आठवड्याचे ३.५ किलो म्हणजे सुमारे ७.७ पौंड, म्हणून पावणेआठ चौरस फूट पृष्ठभाग हवा. माझी पेटी १८ बाय १२ इंच, म्हणजे फक्त दीड चौरस फूट. त्यात आठवड्याला जेमतेम ७०० ग्रॅम जायला हवं होतं आणि मी सगळेच्या सगळे साडेतीन किलो घालत होते. पाचपट. गांडुळांचंही तसंच. रोजच्या अर्ध्या किलोला एक किलो गांडुळं लागली असती, आणली होती पाव किलो.

न खाल्लेला कचरा साठला की तो स्वतःच कुजायला लागतो, तापतो, हवा संपते आणि मग हवेशिवाय कुजणारे जंतू आंबट वास सोडतात. गांडुळं कातडीतून श्वास घेतात, त्यामुळे त्यांना ओल लागते पण साचलेलं पाणी चालत नाही. ती झाकणाकडे हवेसाठी गेली होती. गांडुळं भिंतींवर आणि झाकणावर चढलेली दिसली तर आत काहीतरी बिघडलं आहे असं समजून त्याच दिवशी उकरून बघावं.

२० मार्च

दुरुस्ती. न कुजलेला कचरा हातमोजे घालून काढून टाकला, जवळजवळ दोन बादल्या. तळाचं पाणी ओतून दिलं. पुठ्ठ्याचे कोरडे तुकडे हलक्या हाताने मिसळले. झाकण अर्धं उघडं ठेवलं. दहा दिवस खायला काही घालायचं नाही.

३१ मार्च

वास गेला. गांडुळं पुन्हा खाली गेली आहेत. किती उरली ते सांगता येत नाही, पण अर्धी तरी असावीत.

आता जागेचा प्रश्न. पावणेआठ चौरस फुटांची नवी तयार पेटी महाग होती, माझ्या आधीच्या बरण्यांच्या दुपटीहून जास्त. नवऱ्याने सुचवलं की टाकून द्यायला काढलेल्या जुन्या कपाटाचे ड्रॉवर पडले आहेत, ते वापर. उथळ पेटी हवी असं पुस्तकही सांगतं, आठ ते बारा इंच खोल, कारण ही गांडुळं वरच्या थरातच खातात आणि खोल पेटीत तळ दबून हवाबंद होतो. ड्रॉवर आठ इंच खोल, २४ बाय १८ इंचांचे, म्हणजे प्रत्येकी तीन चौरस फूट. दोन ड्रॉवर आणि जुनी पेटी मिळून साडेसात. म्हणजे आठवड्याला जवळजवळ ३.४ किलो.

तळाला पाऊण इंचाच्या अंतराने भोकं पाडली, खाली विटांवर ठेवून पाणी धरायला जुने ट्रे सरकवले. खर्च फक्त ड्रिलच्या एका पात्याचा.

२ एप्रिल

बिछाना. या वेळी मापाने केला. कोरडा कागद-पुठ्ठा जितका, त्याच्या तिप्पट वजनाचं पाणी. एका ड्रॉवरला मी १.२ किलो फाडलेला पुठ्ठा आणि वर्तमानपत्र घेतलं, त्यावर ३.६ लिटर पाणी. रात्रभर मुरू दिलं. मुठीत घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंब पडले की ठीक, धार लागली तर जास्त. माझ्या पहिल्या पेटीत मी पाणी अंदाजाने ओतलं होतं, तिथे धार लागली असती.

गुळगुळीत, चकचकीत छापील कागद टाळला. पुठ्ठ्याची चिकटपट्टी काढायला जास्त वेळ लागला, दोघांना मिळून सव्वा तास. पुढच्या वेळी पुठ्ठा आधी भिजत ठेवायचा, पट्टी आपोआप सुटते.

२३ एप्रिल

दुसऱ्या ड्रॉवरचा तळ फुगला. तो अस्सल लाकडाचा नव्हता, भुसा दाबून केलेल्या फळीचा होता. ओल लागली की अशी फळी तीन आठवड्यांत पापडासारखी सुटते. गांडुळं दुसरीकडे हलवून त्याच्या जागी लाकडी फळ्यांचा ड्रॉवर घेतला. पहिला ड्रॉवर लाकडीच होता, त्याला काही झालं नाही. ड्रॉवर निवडताना कड खरवडून बघा, आत तंतू दिसले पाहिजेत, भुसा नाही.

६ मे

फळमाश्या. चिलटं झाकण उघडलं की तोंडावर येत होती. सासूबाई बाल्कनीत कपडे वाळत घालतात, त्यांना त्रास झाला. दोन गोष्टी केल्या. फळांची सालं आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायची, त्याने सालींवर आधीच असलेली अंडी मरतात. आणि कचरा वर न पसरता बिछान्यात दोन इंच खाली पुरायचा, वर ओलसर वर्तमानपत्राची घडी. बारा दिवसांत जवळजवळ संपली.

रोज वेगळ्या कोपऱ्यात पुरतो. ड्रॉवरच्या कडेवर मुलीने एक ते सहा आकडे घातले आहेत, म्हणजे कुठे घातलं ते लक्षात राहतं. मांस, तेलकट, खारट पदार्थ घालत नाही. लिंबूवर्गीय सालं थोडीच.

१७ मे

मुलगी भिंग घेऊन ओरडतच आली. ड्रॉवरमध्ये दिसायला लिंबासारखी, पण मोहरीहून थोडीच मोठी, फिकट पिवळी बोंडं सापडली. पुस्तकात चित्र होतं, ते समोर धरून बघितलं: गांडुळांचे कोष. काही तांबूस झालेले, म्हणजे फुटायला आलेले. एका कोषातून साधारण दोन-चार पिल्लं निघतात. नवी गांडुळं आणायची गरज आता नाही, संख्या जागेप्रमाणे आणि खाण्याप्रमाणे आपोआप वाढेल. मी दुकानदाराशी आणखी पाऊण किलोची बोलणी करून ठेवली होती, ती रद्द केली.

२ जून

या मधल्या काळात आणखी एक गोष्ट केली आणि फसली, तीही लिहून ठेवते. चौथ्या पुस्तकात घरगुती कपडे धुण्याच्या पावडरची कृती होती: किसलेला साबण आणि धुण्याचा सोडा. सहा आठवडे वापरली. टॉवेल राखाडी झाले, पाणी शोषेनात, हाताला मेणचट लागायला लागले. कारण सरळ आहे. आमचं पाणी जड आहे. साबण जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून न विरघळणारी साय तयार करतो आणि ती धाग्यांत बसते. डिटर्जंटचं तसं होत नाही. मऊ पाण्यात ही कृती कदाचित चालेल, पण पुस्तकात पाण्याचा उल्लेखच नव्हता. टॉवेल गरम पाण्यात डिटर्जंटने तीनदा धुवावे लागले, तेवढं पाणी आणि वीज वर गेली.

त्याच पुस्तकात सफाईसाठी व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करायला सांगितलं होतं. ते एकत्र केले की एकमेकांना निकामी करतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, उरतं ते बहुतांश पाणी आणि एक मीठ. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगी आहेत. हे पुस्तक त्याच दिवशी वाचनालयात परत केलं.

आम्ही विकतची पावडरच ठेवली, फक्त मापाच्या डब्यात खालच्या रेषेपर्यंत घेतो. कपडे तेवढेच स्वच्छ निघतात. एक पाकीट पूर्वी जितके दिवस जायचं त्याच्या जवळजवळ दुप्पट जातं.

१५ जून

प्लास्टिक, थोडक्यात. आठवड्याच्या ०.७ किलोत निम्मं एकाच प्रकारचं होतं: दुकानातून येणाऱ्या पातळ पिशव्या आणि वेष्टनं. पाच क्रियापदांतली पहिली दोन लावली, दुकानात नको म्हणणं आणि मोठं पाकीट घेणं. मोठं पाकीट फक्त ज्या वस्तू महिन्यात नक्की संपतात त्यांचंच. नाहीतर ते पुन्हा फ्रिजच्या कागदावर येतं.

डब्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो तो पाहून मी वर्षानुवर्षं सगळं वेगळं ठेवत होते. तो आकडा १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणला आणि तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. त्या वस्तूचं पुनर्चक्रीकरण होतं असा त्याचा अर्थ नाही. आमच्याकडचा माल घेणाऱ्याला विचारलं तर तो १ आणि २ घेतो, ५ कधीकधी, बाकी नाही. हे पुस्तकात मिळणार नव्हतं, ते त्यालाच विचारायला हवं होतं.

१२ जुलै

पहिली काढणी. बाल्कनीत जुनी चादर पसरून पहिला ड्रॉवर ओतला, त्याचे नऊ छोटे शंकू केले आणि वर दिवा लावला. गांडुळं उजेडापासून खाली पळतात. दर दहा मिनिटांनी शंकूंचा वरचा थर हाताने काढायचा, शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. तिघांना मिळून अडीच तास लागले, मला वाटलं होतं एक तास. मऊ, काळं, ओल्या मातीच्या वासाचं खत ४.२ किलो मिळालं. त्यातले कोष मुलीने चमच्याने वेचून परत ड्रॉवरमध्ये टाकले, साठच्या वर होते.

दुसऱ्या ड्रॉवरसाठी सोपी रीत धरली आहे. दोन आठवडे फक्त उजव्या बाजूला खायला घालायचं. गांडुळं तिकडे सरकतात, मग डावीकडचं खत तसंच उचलता येतं.

१९ ते २६ जुलै

पुन्हा आठवडाभर तोललं, त्याच काट्यावर, रोज रात्री.

टाकलेलं अन्न ०.६ किलो. सालं-देठं ३.४, त्यातलं ३.१ गांडुळांकडे गेलं, ०.३ किलो लिंबूवर्गीय सालं आणि उरलेलं चालत नव्हतं म्हणून बाहेर. कागद-पुठ्ठा १.१, त्यातला ०.४ बिछान्यात. प्लास्टिक ०.४. काच-धातू ०.५, तिथे काहीच बदललं नाही. उरलेलं ०.६, तेही तसंच.

घराबाहेर जाणारा कचरा जानेवारीत ८.४ किलो होता, आता ३.१.

सात महिन्यांचा खर्च: परत न केलेल्या चार बरण्या, पिशव्या, टूथब्रश, पाव किलो गांडुळं आणि ड्रिलचं पातं. यातल्या शेवटच्या दोनच गोष्टींनी वजन उतरवलं. बाकीचं जे उतरलं ते फ्रिजवरच्या कागदाने आणि दुकानात नको म्हणण्याने.

२८ जुलै

गांडुळांच्या पुस्तकाची वाचनालयाची मुदत दोनदा वाढवून घेतली होती, आता आणखी कुणीतरी मागितलं आहे. परत करण्याआधी पृष्ठभागाच्या नियमाच्या पानावर एक सुटी चिठ्ठी घालून ठेवली: 'आठवड्याचा ओला कचरा आधी तोला. साडेतीन किलोला पावणेआठ चौरस फूट. त्याआधी गांडुळं आणू नका.'